उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावरचा रकाना: परीक्षा घेणाऱ्या मंडळांना खुलं पत्र

प्रति,
परीक्षा मंडळांचे आणि विद्यापीठांचे परीक्षा नियंत्रक, प्रश्नपत्रिका काढणारे व पर्यवेक्षक

स. न. वि. वि.

मी गणिताची निवृत्त शिक्षिका आहे. पेपर काढले, तपासले आणि पर्यवेक्षणही भरपूर केलं. त्यामुळे हे पत्र बाहेरून दोष काढणाऱ्या माणसाचं नाही. ज्या चुकांबद्दल लिहिते आहे त्यातल्या निम्म्या मी स्वतः केलेल्या आहेत.

एका परीक्षेच्या दिवशी माझ्यासोबत वर्गावर एक सहकारी होते. मनानं फार चांगले. गणिताचा पेपर वाटायच्या आधी ते म्हणाले, "मुलींनो, पेपर जरा अवघड आहे म्हणतात. घाबरू नका, जमेल तेवढं करा." मुलग्यांना ते काही बोलले नाहीत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. त्या एका वाक्यानं कुणाचे गुण गेले असा माझा दावा नाही. पण "मुलींनो" या शब्दानं त्यांनी नकळत काय सांगितलं, हे मला बऱ्याच वर्षांनी मानसशास्त्रातलं संशोधन वाचताना उमगलं. गणितात घाबरतं कोण, जमेल तेवढंच करावं लागतं कोणाला, हे सगळ्या वर्गाला त्या एका शब्दात कळलं होतं.

मानसशास्त्रात याला 'स्टिरिओटाइप थ्रेट' म्हणतात. मी त्याला शिक्क्याचं दडपण म्हणेन. आपल्या गटावर 'यांना हे जमत नाही' असा शिक्का आहे आणि आत्ता आपण चुकलो तर तो शिक्का खरा ठरेल, ही जाणीव परीक्षेच्या वेळी डोक्यात जागी होते. ती डोक्यातली जागा अडवते, म्हणून मग येत असलेलंही नीट लिहिता येत नाही. यासाठी शिक्का स्वतःला खरा वाटायची गरज नसते. लोकांना तो खरा वाटतो हे माहीत असलं की पुरतं.

माझी मागणी लहान आहे, ती आधीच सांगते. उत्तरपत्रिकेच्या किंवा ऑनलाइन परीक्षेच्या पहिल्या पानावर लिंग, जात-प्रवर्ग, वंश, आई-वडिलांचं शिक्षण अशी माहिती जिथे जिथे विचारली जाते, तिथून ती काढा. ती अर्जात घ्या, नाहीतर पेपर संपल्यावर घ्या. हे कशाच्या आधारावर मागते आहे आणि तो आधार कुठे ठिसूळ आहे, दोन्ही सांगते. ठिसूळ बाजू लपवून तुमच्याकडून काही करून घ्यायचं नाही मला.

गोष्ट सुरू होते १९९५ साली. स्टॅनफर्ड विद्यापीठातले क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरन्सन यांनी कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना अर्ध्या तासाची एक भाषिक चाचणी दिली. प्रश्न अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतले होते आणि मुद्दाम कठीण निवडलेले. काही जणांना सांगितलं की ही चाचणी तुमची भाषिक क्षमता मोजते. बाकीच्यांना सांगितलं की प्रश्न सोडवताना माणूस कसा विचार करतो एवढंच आम्हाला पाहायचं आहे, तुमची क्षमता मोजायची नाही. पेपर तोच, वेळ तेवढाच. 'क्षमता मोजतो' म्हटल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण घसरले, गोऱ्यांचे घसरले नाहीत.

याच मालिकेतला शेवटचा प्रयोग तुमच्या कामाचा आहे. त्यात क्षमतेचा विषयच काढला नव्हता. फरक एवढाच, की निम्म्या विद्यार्थ्यांना पेपरच्या आधी एका छोट्या प्रश्नावलीत आपला वंश लिहायला सांगितला. ज्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तो लिहिला, त्यांची कामगिरी न लिहिणाऱ्यांपेक्षा खालावली. एक रकाना भरायला लागतो किती वेळ? पाच सेकंद. आपण तो रकाना वर्षानुवर्षं छापत आलो, तो प्रश्नपत्रिकेचाच एक भाग असू शकतो हे कुणाच्या मनातही आलं नाही.

आता 'घाबरले म्हणून चुकले' एवढ्यावर हे सोडून देता येत नाही. नेमकं काय बिघडतं हे पाहिलं तर कुठल्या प्रश्नांवर परिणाम होईल आणि कुठल्यांवर होणार नाही, याचाही अंदाज येतो. सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २००७ साली हे फार नेटकेपणानं तपासलं. त्यांनी घेतलेल्या गणितांसारखंच एक गणित इथे करून बघू.

५४ आणि २७ हे आकडे दिले आहेत. त्यांच्या वजाबाकीला ४ ने नि:शेष भाग जातो का, 'हो' की 'नाही' एवढंच सांगायचं. कागद-पेन नाही, सगळं डोक्यात. ४ मधून ७ जात नाहीत, म्हणून ५ मधून एक हातचा घेतला. १४ वजा ७, सात. हा सात लक्षात धरून ठेवा. ५ चे आता ४ झालेत, हेही धरून ठेवा. ४ वजा २, दोन. म्हणजे २७. आता ४ सक २४, उरले ३. उत्तर 'नाही'. या गणितात अवघड असं काही नाही, पण 'धरून ठेवा' दोनदा आलं. दोन्ही वेळा आपण ती गोष्ट मनातल्या मनात बोलून धरून ठेवतो: "सात, सात, पाचाचे चार..."

'मला हे जमत नाहीये, सगळ्यांना वाटतं तसंच होणार' हा विचारही मनातल्या मनात बोलूनच येतो. दोघांना जागा एकच लागते. त्या जागेला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात, आणि तिचा बोलक्या शब्दांचा कप्पा तर आणखी लहान. एकाच फळ्यावर दोघं एकाच वेळी लिहायला लागले की 'सात' पुसला जातो. मग विद्यार्थिनी पुन्हा पहिल्यापासून वजाबाकी करते, वेळ जातो, वेळ गेल्याची काळजी वाढते आणि तीही त्याच फळ्यावर लिहिली जाते.

हे नुसतं मत नाही, त्या प्रयोगात ते वेगळं काढून दाखवलं आहे. आडवी मांडलेली वजाबाकी माणसं जास्त करून मनात बोलून करतात. उभी मांडली की डोळ्यांसमोर आकड्यांचं चित्र येतं आणि बोलक्या कप्प्यावरचा भार कमी होतो. पुरुष गणितात बायकांपेक्षा पुढे का असतात याचा अभ्यास चालू आहे, असं सहभागी तरुणींना सांगितल्यावर त्यांची घसरण आडव्या मांडणीच्या, हातचे घ्याव्या लागणाऱ्या गणितांत झाली. उभ्या मांडणीत तशी झाली नाही. आणि जी गणितं आधी पुन्हापुन्हा करून पाठ झाली होती, तीही दडपणातून सुटली, कारण उत्तर थेट आठवत असेल तर धरून ठेवायला काही उरतच नाही.

शिक्षिका म्हणून मला हा शोध फार पटला. वर्गात जिला पाढे, सूत्रं, नेहमीची उदाहरणं व्यवस्थित येतात, तिचंच परीक्षेत चार पायऱ्यांच्या नव्या प्रश्नावर पाणी पडतं, हे मी कितीदा तरी पाहिलं होतं. मी तेव्हा म्हणत असे, "घोकंपट्टी केलीस ना, म्हणून." काही मुलींच्या बाबतीत ते खरंही असेल. सगळ्यांच्या बाबतीत होतं असं आता छातीठोकपणे म्हणवत नाही.

यावर एक शंका नेहमी येते: असं तर नाही ना, की त्या गटातल्या लोकांनी स्वतःला कमी समजण्याची सवय लावून घेतली आहे? १९९९ साली अ‍ॅरन्सन आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर जरा गमतीदार रीतीनं शोधलं. त्यांनी गणितात उत्तम असलेले गोरे तरुण घेतले. गणितात गोऱ्या मुलग्यांवर कसलाच शिक्का नसतो, लहानपणापासून त्यांना कुणी टोमणे मारलेले नसतात. त्यातल्या काहींना सांगितलं की आशियाई विद्यार्थी गणितात गोऱ्यांपेक्षा सरस का ठरतात हे आम्ही पाहतो आहोत. तेवढ्यावर त्यांचेही गुण घसरले. न्यूनगंड मुरलेलाच असावा लागतो असं नाही. शिक्का समोर ठेवायला कुणीतरी हवा, विषय जिवाभावाचा हवा आणि पेपर कुवतीच्या काठावरचा हवा. सोप्या पेपरला फळा मोकळाच असतो. आणि ज्याला गणिताचं सोयरसुतक नाही, त्याला गणितातल्या अपयशाची टोचणी तरी का लागावी?

आता ठिसूळ बाजू. ती मोठी आहे, म्हणून तिलाही पुरेशी जागा देते.

पहिला गोंधळ स्टॅनफर्डच्या प्रयोगाबद्दलचाच. अनेक पाठ्यपुस्तकांत आणि लेखांत असं लिहिलं गेलं की दडपण काढलं आणि दोन गटांचे गुण सारखे झाले, म्हणजे सगळी दरी दडपणामुळेच होती. हे चूक आहे. २००४ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्यावर बोट ठेवलं. मूळ प्रयोगातले गुण विद्यार्थ्यांच्या आधीच्या प्रवेशपरीक्षेच्या गुणांनुसार जुळवून घेतलेले होते. म्हणजे 'आधीचे गुण सारखे असलेले दोन विद्यार्थी घेतले तर आज काय दिसतं' असा हिशोब होता. दडपण नसताना जुळवलेले गुण सारखे आले याचा अर्थ इतकाच, की दोन गटांत आधी जेवढी दरी होती साधारण तेवढीच आजही आहे. दडपण असताना ती त्याहून वाढली. शाळेतली साधनं, घरातली परिस्थिती, शिकवण्याचा दर्जा यांमुळे पडलेली दरी रकाना हलवून बुजत नाही. तुमच्यापैकी कुणी उद्या 'आम्ही रकाना हलवला, आता परीक्षा समान झाली' असं पत्रक काढलं, तर त्याला पहिला विरोध मी करीन.

दुसरी अडचण जास्त टोचणारी. प्रयोगशाळेत दिसलेलं खऱ्या परीक्षेत दिसतं का? अमेरिकेतल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं हे खरोखर करून पाहिलं. लॉरेन्स स्ट्रिकर आणि विल्यम वॉर्ड यांनी कॅल्क्युलसच्या एका मोठ्या परीक्षेत काही विद्यार्थ्यांना लिंग आणि वंशाचे प्रश्न नेहमीसारखे आधी विचारले, काहींना पेपर संपल्यावर. २००४ साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की संख्याशास्त्राच्या दृष्टीनं आणि व्यवहारातही महत्त्वाचा ठरेल असा फरक आढळला नाही.

हे तिथेच संपलं असतं तर मी पत्र लिहिलंच नसतं. २००८ साली केली डॅनाहर आणि ख्रिश्चन क्रँडल यांनी तीच आकडेवारी पुन्हा काढली. त्यांचं म्हणणं, मूळ लेखकांनी 'महत्त्वाचा फरक' मानायची पातळी फारच वर ठेवली होती. नेहमीच्या पातळीनं पाहिलं तर रकाना मागे नेल्यावर मुलींचे गुण वाढलेले दिसतात, आणि ते प्रमाण देशभर लावलं तर दरवर्षी सुमारे ४,७०० जास्त मुलींना त्या परीक्षेमुळे महाविद्यालयाचे श्रेयांक मिळाले असते. स्ट्रिकर आणि वॉर्ड यांनी याला उत्तर दिलं आणि ही फेरमांडणी टिकत नाही असं म्हटलं. आकडे एकच, वाचणारे दोन. मला विचाराल तर दोघांचीही बाजू थोडी थोडी बरोबर आहे: परिणाम असलाच तर लहान आहे. पण परीक्षा लाखोंनी देणार असतील तर लहान परिणामसुद्धा माणसांत मोजला की डोळ्यांत भरतो.

त्यानंतर आलेले पुरावे शंका वाढवणारेच आहेत. २०१५ साली पाउलेट फ्लोरे आणि येल्टे विखर्ट्‌स यांनी शाळकरी मुलींवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. सरासरी परिणाम लहान निघाला आणि शिवाय एक वाईट खूण दिसली: लहान प्रयोगांत परिणाम मोठा. हे कसं होतं ते सांगते. वीस-वीस मुलींचे दहा प्रयोग झाले आणि त्यातल्या ज्या दोन प्रयोगांत योगायोगानं मोठा फरक आला तेवढेच छापले गेले, तर वाचणाऱ्याला परिणाम मोठाच वाटणार. उरलेले आठ कुणाच्या तरी कपाटात पडून राहतात. या दुखण्यावर औषध एकच: प्रयोगाचा आराखडा, नमुन्याचा आकार आणि विश्लेषणाची रीत आधी जाहीर करायची आणि निकाल काहीही आला तरी छापायचा. फ्लोरे यांनी सहकाऱ्यांबरोबर नेमकं तेच केलं. नेदरलँड्समधल्या २,०६४ शाळकरी विद्यार्थ्यांवरचा हा प्रयोग २०१८ साली छापला. गणितात मुलींवर दडपणाचा परिणाम दिसला नाही. गणिताची ओढ असणाऱ्या मुली, गणिताची धास्ती असणाऱ्या मुली, कठीण प्रश्न असं वेगवेगळं पाहूनही दिसला नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या आणखी एका एकत्रित अभ्यासात, परिस्थिती खऱ्या परीक्षेच्या जितकी जवळ जाते तितका परिणाम नगण्य होत जातो, असं दिसलं.

मग मी मागते आहे तरी का?

एक तर किंमत पाहा. रकाना हलवायला छपाईचा एक नमुना बदलावा लागतो. ती माहिती बहुतेक वेळा अर्जात आधीच आलेली असते. बैठक क्रमांकावरून ती कधीही जोडता येते. परीक्षेच्या क्षणी ती हातानं पुन्हा लिहून घेण्यातून तुम्हाला मिळतं काय? मी एका मंडळाच्या बैठकीत हे विचारलं होतं. उत्तर मिळालं, "पहिल्यापासून तसंच आहे." फायदा अनिश्चित आणि लहान, खर्च जवळपास शून्य, तोटा काहीच नाही. असा सौदा करायला पुरावा डोंगराएवढा लागत नाही. हाच पुरावा घेऊन कुणी कोट्यवधींची 'दडपणमुक्ती' शिबिरं विकायला आला तर मात्र दार लावून घ्या.

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं, आणि ते रकान्यापेक्षा आवाजाशी संबंधित आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलग्यांवर एक प्रयोग केला, तो २००६ च्या सुमारास चर्चेत आला. मुलांना कागदावरचे भूलभुलय्ये सोडवायचे होते आणि सोडवलेल्या प्रत्येकाचे पैसे मिळणार होते. जात उघड केली नाही तेव्हा 'वरच्या' आणि 'खालच्या' मानलेल्या जातींच्या मुलांत फरक दिसला नाही. मग दुसऱ्या गटांत सुरुवातीलाच प्रत्येकाचं नाव, गाव, वडिलांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. 'खालच्या' मानलेल्या जातींतल्या मुलांची कामगिरी घसरली आणि दरी उघडी पडली.

या प्रयोगावर 'शिक्क्याचं दडपण' असं लेबल चिकटवून मोकळं व्हायला मी तयार नाही, कारण लेखिकांनी आणखी एक गोष्ट तपासली होती. बक्षीस कुणाला मिळणार यात सोडतीसारखी, माणसाच्या हातात नसलेली गोष्ट आणली, तेव्हा ती दरी दिसेनाशी झाली. म्हणजे मुलांच्या डोक्यातला फळा भरून गेला एवढंच झालं असेल असं नाही. 'यांना माझी जात कळली, आता हे मला न्यायानं वागवणार नाहीत, मग जीव तोडून करायचं कशाला' असा विचारही असू शकतो. दडपणात माणूस जास्त जोर लावतो आणि अडखळतो. अविश्वासात तो जोर लावणंच सोडतो. कागदावर दोन्हींचं फळ एकच, कमी गुण. पण उपाय वेगळे. अविश्वासावरचा उपाय म्हणजे तपासणाऱ्याला उत्तर कुणाचं आहे हे कळू न देणं, आणि ते कळत नाही हे विद्यार्थ्याला आधी सांगणं. नाव झाकून पेपर तपासण्याची पद्धत तुमच्यापैकी अनेकांकडे आहे. विद्यार्थ्यांना ती तुम्ही सांगता का? मला तरी पर्यवेक्षकांच्या सूचनापत्रकात ते वाक्य कधी सापडलं नाही.

म्हणून रकान्याबरोबर वर्गातलं बोलणंही पाहा. पेपरच्या दिवशी कुठल्याही गटाचं नाव घेऊन सूचना, धीर किंवा शुभेच्छा देऊ नयेत. हजेरी घेताना क्रमांक आणि नाव पुरे, प्रवर्ग मोठ्यानं वाचायचं कारण नाही. सवलतीच्या शुल्काची किंवा शिष्यवृत्तीची कागदपत्रं पेपरच्या आधी वर्गात सगळ्यांसमोर मागू नयेत. 'मुलीही गणितात कमी नाहीत' अशी पाटी परीक्षागृहात लावायचा मोह काहींना होईल. कृपा करून आवरा. 'कमी नाहीत' म्हणण्यासाठी आधी 'कमी' आठवावं लागतं.

आणि माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजून पाहा. तुमच्याकडे ती सोय आहे जी कुठल्याही मानसशास्त्रज्ञाकडे नाही: प्रचंड संख्या आणि खरी परीक्षा. उत्तरपत्रिकेचे दोन नमुने छापा. एकात माहितीचे रकाने पहिल्या पानावर, दुसऱ्यात शेवटच्या पानावर, 'पेपर पूर्ण झाल्यावर भरा' या सूचनेसह. एका केंद्रावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा असं करू नका, कारण मग केंद्राकेंद्रांतला फरक यात मिसळेल. एकाच वर्गात दोन्ही नमुने चिठ्ठ्या टाकून वाटा. कुणाला कुठला मिळाला याची नोंद आपोआप राहील असा क्रमांक उत्तरपत्रिकेवर छापा.

किती विद्यार्थी लागतील? समजा गुणांचं प्रमाण विचलन २० आहे आणि तुम्हाला एका गुणाचा फरक पकडायचा आहे. म्हणजे विचलनाचा विसावा भाग, ०.०५. तुमचा प्रश्न 'रकान्यानं गुण बदलले का' एवढाच नाही, 'मुलींचे मुलग्यांपेक्षा वेगळे बदलले का' हा आहे. म्हणजे फरकातला फरक, आणि तो पकडायला संख्या जास्त लागते. असा फरक खरोखर असेल तर पाचपैकी चार वेळा सापडावा, अशी नेहमीची अपेक्षा धरली तर मुली-मुलगे आणि दोन नमुने मिळून होणाऱ्या चार गटांत प्रत्येकी सुमारे १२,८०० विद्यार्थी हवेत. एकूण ५१ हजारांच्या आसपास. प्रयोगशाळेत हे अशक्य आहे. नेदरलँड्सचा मोठा म्हणावा असा प्रयोगही दोन हजारांवर थांबला होता, आणि इतका बारीक फरक त्याच्या चाळणीतून निसटून गेला असता. मोठ्या मंडळाच्या एकाच पेपरला मात्र इतके विद्यार्थी सहज बसतात.

काय पाहायचं ते आधी लिहून ठेवा. एकूण गुण तर पाहाच. पण वर सांगितलेली यंत्रणा खरी असेल तर फरक एका पायरीच्या सोप्या प्रश्नांत दिसायला नको, अनेक पायऱ्यांच्या आणि नव्या धर्तीच्या प्रश्नांत दिसायला हवा. कोरे सोडलेले प्रश्न, शेवटच्या पंधरा मिनिटांतले प्रश्न यांचीही मोजणी वेगळी करा. सगळ्या प्रश्नांत सारखाच फरक आला तर दडपणाऐवजी दुसरं काहीतरी घडतंय असं समजा. उदाहरणार्थ, पहिलं पान भरण्यात गेलेला वेळ. तो तर मुलग्यांचाही जातो, म्हणून मुलग्यांचा गट सोबत हवाच. आराखडा पेपरच्या आधी जाहीर करा आणि तपासणी संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

फरक शून्य निघाला तर तेही छापा. मी चुकले होते असं त्याखाली माझं पत्र येईल. तोवर निदान पुढच्या छपाईला ते रकाने शेवटच्या पानावर न्या. छपाईचे नमुने मंजुरीला जातील तेव्हा हे पत्र त्या फाईलला जोडावं, एवढी विनंती.

आपली,
एक निवृत्त गणितशिक्षिका